८०५१: ९६०० लावलं तरी 'A' चा भलताच काहीतरी होतो, आणि पोलिंगमध्ये अक्षरं गळतात

तिसरी_बेंच

लॅबमध्ये सिरियल कम्युनिकेशनचं प्रॅक्टिकल चालू आहे. AT89S52 चा बोर्ड, पीसीला यूएसबी-सिरियल मोड्यूलने जोडलेला. ९६०० बॉड रेट सेट करायचा, पीसीवरून आलेली अक्षरं पोलिंगने घ्यायची आणि एलसीडीवर दाखवायची, एवढंच आहे. इंटरप्ट वापरायचा नाही असं शीटवर स्पष्ट लिहिलंय.

सेटिंग असं केलंय:

```c
TMOD = 0x20;
TH1  = 0xFD;
SCON = 0x50;
TR1  = 1;
```

सिम्युलेटरमध्ये झकास चालतं. बोर्डवर टाकलं की टर्मिनलमध्ये कचरा. आधी एलसीडी बाजूला ठेवून साधा प्रोग्रॅम केला, जो मध्ये थोडा डिले देऊन 'A' पाठवत राहतो. तरी 'A' दिसत नाही. मग एको करून पाहिला, म्हणजे पीसीने पाठवलेलं अक्षर तसंच परत. तिथेही कचरा, पण वेगळा कचरा. वायरी दोनदा तपासल्या, ग्राउंड जोडलेलं आहे, टर्मिनलवर ९६००, ८ बिट, पॅरिटी नाही. आता काय बघू?

बिटखोर

अगं, बॉड रेटची एरर जास्त येत असणार. SMOD बिट सेट कर, म्हणजे बॉड रेट दुप्पट होतो आणि त्यामुळे पायऱ्या बारीक पडतात. `PCON |= 0x80;` आणि `TH1 = 0xFA;` टाक. नव्वद टक्के लोकांचं यानेच सुटतं.

एव्हीआरवाला

माझं सेम झालं होतं. फ्यूज बिट बघा. ATmega32 नवा आला की आतल्या १ मेगाहर्ट्झवर चालतो आणि आपण ८ धरून UBRR मध्ये ५१ भरतो. मी कंटाळून टर्मिनलवर एकेक बॉड रेट लावत गेलो, १२०० वर सगळं स्वच्छ दिसायला लागलं. आठपट हळू चालत होता बिचारा.

तिसरी_बेंच

@एव्हीआरवाला, माझ्याकडे ८०५१ आहे, फ्यूज वगैरे काही नाही.

@बिटखोर, केलं. काडीचाही फरक नाही. म्हणजे अगदी तोच कचरा येतोय.

जुना_सोल्डर

"तोच कचरा" हा कामाचा पुरावा आहे, पण कचरा म्हणजे नेमकं काय ते सांगा. टर्मिनल हेक्समध्ये लावा. पाठवणाऱ्या प्रोग्रॅममधून एकेक करून 'A', 'a', 'U' आणि '5' पाठवा, दोन अक्षरांमध्ये डिले असू द्या, आणि समोर काय उमटतं ते इथे लिहा. एकोमध्ये फक्त 'A' चं सांगा. तुमची वायर तुटलेली नाही हे आत्ताच सांगतो. तुटली असती तर काहीच आलं नसतं, किंवा नुसती शून्यं आली असती.

तिसरी_बेंच

घ्या.

'A' (41) पाठवला की कायम A1.
'a' (61) पाठवला की बहुतेक वेळा A1, मधूनच B1.
'U' (55) पाठवला की B5, मधूनच A5.
'5' (35) पाठवला की कायम 95. बाकीचे अंकही पाहिले, 90 पासून 99 पर्यंत ओळीने येतात.

एकोमध्ये 'A' टाईप केला की C1 येतो.

'A' आणि 'a' एकच कसे काय दिसतात?

जुना_सोल्डर

उत्तम. बोर्डवरचा क्रिस्टल वाचून या, माझ्या मते त्यावर 12.000 लिहिलेलं असेल. तुमचा प्रोग्रॅम ११.०५९२ मेगाहर्ट्झसाठी लिहिलेला आहे. कसं कळलं ते सांगतो, कारण हे एकदा हाताने केलं की पुन्हा कधी अंदाजपंचे बॉड रेट बदलत बसावं लागत नाही.

TH1 मध्ये 0xFD म्हणजे टायमर दर ३ मोजांनी ओव्हरफ्लो होतो. क्रिस्टलला १२ ने भागायचं, मग ३२ ने, मग ३ ने. ११.०५९२ ला हे बरोब्बर ९६०० येतं. म्हणून तर तो विचित्र आकड्याचा क्रिस्टल बाजारात आहे. १२ ला मात्र १०४१७ येतं, साडेआठ टक्के जास्त. म्हणजे तुमचा बोर्ड ९६ मायक्रोसेकंदांचा एक बिट पाठवतो आणि पीसी १०४.१७ मायक्रोसेकंदांचा बिट धरून बसलाय.

पीसीला फक्त स्टार्ट बिटाची उतरती कड दिसते. तिथून तो दीड बिट थांबतो, b0 वाचतो, आणि मग दर १०४.१७ ला पुढचा बिट वाचतो. b4 ची पाळी येते ५७३ व्या मायक्रोसेकंदाला. तुमचा b4 तारेवर ४८० पासून ५७६ पर्यंत असतो. म्हणजे जेमतेम ३ मायक्रोसेकंद राखून तो वाचला गेला. पुढे b5 ची पाळी ६७७ ला. तोवर तुमचा b5 संपलेला असतो, ६७२ लाच b6 सुरू झालाय. म्हणून पीसी b5 च्या जागी तुमचा b6 लिहितो. तसंच b6 च्या जागी b7, आणि b7 च्या जागी थेट स्टॉप बिट, जो नेहमी १ असतो.

आता 'A' घ्या. 41 मध्ये b0 आणि b6 हे दोनच बिट १ आहेत. b0 जागेवर राहतो, b6 सरकून b5 होतो, b7 ला स्टॉप बिटाचा १ मिळतो. हा झाला A1. 'a' मध्ये b5 पण १ आहे, पण b5 तर वाचलाच जात नाही, म्हणून तोही A1. मोठ्या आणि छोट्या लिपीतला फरक फक्त त्या एका बिटात असतो, आणि नेमका तोच गळतो.

मधूनच B1 का? पीसीकडची चिप स्टार्ट बिटाची कड एका बिटाच्या सोळाव्या भागापर्यंत उशिरा ओळखू शकते, म्हणजे साडेसहा मायक्रोसेकंदांपर्यंत. b4 ला आपल्याकडे मोकळीक आहे फक्त ३ ची. ज्या वेळी ती चुकते त्या वेळी b4 च्या जागी b5 वाचला जातो. 'A' मध्ये आणि अंकांमध्ये b4 आणि b5 सारखेच आहेत, म्हणून ते कधी डळमळत नाहीत. 'a' आणि 'U' मध्ये ते वेगळे आहेत, म्हणून डळमळतात. तुमचे आकडे इतके नीट जुळतात की मला सीआरओ सुद्धा नको.

एकोमध्ये चूक दोनदा होते, जाताना एकदा आणि येताना एकदा. पीसीने ९६०० ने पाठवलेला 'A' तुमचा ८०५१ घाईने वाचतो. b7 च्या पाळीला त्याला b6 दिसतो, म्हणून हातात पडतो 81. तो 81 परत पाठवला की वरचीच सरकासरकी होऊन C1 होतो.

अजून एक. त्या घाईत ८०५१ स्टॉप बिट म्हणून जे वाचतो ते खरं तर b7 असतं, आणि साध्या अक्षरांत ते ० असतं. मोड १ मध्ये SM2 शून्य असेल तर स्टॉप बिट काहीही आला तरी RI लागतो, तक्रार होत नाही. पण वाचलेला स्टॉप बिट RB8 मध्ये जाऊन बसतो. बहुतेक लोक तिकडे ढुंकूनही बघत नाहीत. अक्षर घेतल्यावर RB8 शून्य असेल तर एक एलईडी लावा. साध्या इंग्रजी अक्षरांना तो एलईडी लागत असेल तर पहिला संशय बॉड रेटवर घ्यायचा.

तिसरी_बेंच

12.000 😳 खरंच तसंच लिहिलंय. शीटवर ११.०५९२ छापलंय म्हणून बघायचं डोक्यातच आलं नाही. RB8 वर एलईडी लावला, 'A' दाबला की पेटतो.

पण मग सिम्युलेटर का चाललं?

लॅब_असिस्टंट

सिम्युलेटरमध्ये चिपच्या प्रॉपर्टीत क्लॉकचा आकडा टाईप केलेला असतो, चिप त्यावर चालते. शेजारी काढलेला क्रिस्टल शोभेचा. तुमच्या फाईलमध्ये ११.०५९२ टाईप केलेलं असणार.

बोर्डांबद्दल सांगायचं तर जुन्या प्रॅक्टिकलला, टायमरने एक मिलिसेकंद वगैरे मोजायला, १२ बरा पडतो, मशीन सायकल बरोबर १ मायक्रोसेकंद येते. त्यामुळे निम्म्या बोर्डांवर १२ आणि निम्म्यांवर ११.०५९२ अशी खिचडी बहुतेक लॅबमध्ये असते.

बिटखोर

म्हणजे माझा SMOD चा मुद्दा बरोबर होता, फक्त TH1 चा आकडा ११.०५९२ चा होता. १२ साठी 0xF9 टाक.

जुना_सोल्डर

अर्धा बरोबर. 0xFA म्हणजे ६ मोज. SMOD ने दुप्पट केलं आणि ३ चे ६ केले, उत्तर तेच १०४१७. म्हणूनच "तोच कचरा" आला. 0xF9 म्हणजे ७ मोज, त्याने ८९२९ मिळतं, ७ टक्के कमी. साडेसहा मोज हवे आहेत आणि अर्धा मोज टायमरला येत नाही. कचरा फक्त दुसऱ्या दिशेने सरकेल.

एका फ्रेममध्ये शेवटचा नमुना स्टार्टच्या कडेपासून साडेनऊ बिटांवर घेतला जातो. तिथपर्यंत घसरण अर्ध्या बिटाच्या आत राहायला हवी. म्हणजे दोन्ही टोकं मिळून पाच टक्क्यांच्या जरा वर मुभा आहे, तीही कागदावर. कड ओळखण्यातला उशीर आणि वायरीवरच्या ढासळलेल्या कडा धरल्या तर आपल्या बाजूने दोन टक्क्यांच्या आत राहावं असं मी धरतो.

१२ मेगाहर्ट्झ आणि टायमर १ ठेवायचा असेल तर ४८०० घ्या. SMOD लावून १३ मोज, म्हणजे ४८०८, चूक ०.१६ टक्के.

```c
TMOD = (TMOD & 0x0F) | 0x20;
PCON |= 0x80;
TH1  = 0xF3;
TL1  = 0xF3;
SCON = 0x50;
TR1  = 1;
```

TMOD ला सरळ 0x20 दिलं तर टायमर ० चं सेटिंग पुसलं जातं. तुमचा डिले टायमर ० वर असेल तर हा वेगळाच ताप होतो, म्हणून वरचे चार बिटच बदलले.

तिसरी_बेंच

४८०० वर 'A' आला!! एकोही बरोबर, RB8 चा एलईडी बंद. सीआरओवर 'U' पण सलग पाठवून पाहिला. एकदम सरळ चौकोनी लाट येते आणि एक बिट २०८ मायक्रोसेकंदांचा दिसतो.

आता दुसरं दुखणं. एलसीडी परत जोडला. एकेक अक्षर टाईप केलं की नीट दिसतं. पण टर्मिनलमध्ये `1234567890` पेस्ट केलं की एलसीडीवर येतं `1470`. दर वेळी हेच. रुटीन असं आहे:

```c
while (1) {
    while (RI == 0);
    c = SBUF;
    lcd_data(c);
    RI = 0;
}
```

बॉड रेट अजून चुकतोय का?

एव्हीआरवाला

बॉड रेट चुकला असता तर अक्षरं बदलली असती, गाळलेली नसती. हे वेगळं काहीतरी आहे.

बिटखोर

`RI = 0;` खाली ठेवलंयस ते वर घे, `c = SBUF;` च्या लगेच खाली. RI लवकर क्लिअर नाही केला तर पुढचं अक्षर येतच नाही. आणि खरं सांगू का, पोलिंग हा प्रकारच टाकाऊ आहे. इंटरप्ट लाव आणि मोकळी हो.

तिसरी_बेंच

इंटरप्ट लावता येत नाही, शीट! RI वर घेतला. आता `12469` येतं. सुधारणा म्हणायची की काय, कळेना. चारची पाच झाली.

लॅब_असिस्टंट

`lcd_data` मध्ये डिले किती आहे?

तिसरी_बेंच

५ मिलिसेकंद. मागच्या प्रॅक्टिकलमधून उचललेलं रुटीन आहे.

जुना_सोल्डर

मग दोन्ही उत्तरं हाताने काढता येतात. कागद घ्या.

४८०० ला एक अक्षर, स्टार्ट आणि स्टॉप धरून दहा बिट, २.०८ मिलिसेकंदांत येतं. पेस्ट केल्यावर पीसी मध्ये श्वास घेत नाही, एकामागून एक सोडतो. '1' पूर्ण होतो ती वेळ शून्य धरा. मग '2' येतो २.०८ ला, '3' येतो ४.१७ ला, '4' येतो ६.२५ ला, असं पुढे.

८०५१ ची खोड अशी की RI लागलेला असताना नवं अक्षर पूर्ण झालं तर तो ते SBUF मध्ये घेतच नाही. नवं अक्षर जातं, जुनं तसंच राहतं. आणि काही हरवलं हे सांगणारा एकही फ्लॅग नाही.

तुमच्या पहिल्या रुटीनमध्ये RI ५ मिलिसेकंदांनंतर क्लिअर होतो. तोवर '2' आणि '3' दारावरून परत गेले. '4' ला दार उघडं मिळालं. तो घेतल्यावर पुन्हा ५ मिलिसेकंद दार बंद, '5' आणि '6' गेले. मग '7', मग '8' आणि '9' गेले, मग '0'. झाले `1470`.

RI वर घेतल्यावर काय बदललं? आता एलसीडी चालू असताना एक अक्षर SBUF मध्ये थांबू शकतं. '1' दाखवत असताना '2' आत येऊन बसला. '3' आला तेव्हा '2' अजून उचललेला नव्हता, म्हणून '3' गेला. ५ ला '2' उचलला. ६.२५ ला '4' बसला, ८.३३ ला '5' गेला. १० ला '4' उचलला. १०.४२ ला '6' बसला, त्यानंतर '7' आणि १४.५८ ला '8' असे दोघे गेले, कारण '6' उचलायला १५ उजाडले. पुढे '9' बसला आणि '0' गेला. `12469`.

म्हणजे बिटखोरचा बदल योग्यच आहे, तो ठेवा. पण त्याने फक्त एका अक्षराची जागा मिळाली. अक्षरं दर २ ला येतात आणि तुम्ही दर ५ ला उचलता. रजिस्टरच्या ओळी कितीही वरखाली केल्या तरी हे गणित मिटत नाही. ९६०० वर गेलात तर आणखी वाईट, माझ्या हिशोबाने फक्त `126` दिसेल.

येणारं अक्षर आधी ठेवून द्या, दाखवायचं नंतर बघा:

```c
unsigned char rx(void)
{
    unsigned char c;
    while (RI == 0);
    c = SBUF;
    RI = 0;
    return c;
}

n = 0;
while ((c = rx()) != '\r')
    if (n < 16) buf[n++] = c;
```

ओळ संपली की `buf` निवांत एलसीडीवर टाका. दोन अक्षरांमध्ये दोन हजारांच्या वर मशीन सायकली आहेत, या लूपला त्यातल्या फारतर काही डझन लागतात.

एव्हीआरवाला

ATmega मध्ये दोन अक्षरांचं बफर असतं आणि काही हरवलं की DOR नावाचा बिट लागतो. म्हणून माझ्याकडे हे उशिरा लक्षात येतं, पण निदान लक्षात येतं तरी.

लॅब_असिस्टंट

सोल्डरकाकांचा हिशोब मान्य, पण मुळावर घाव घाला ना. एलसीडीला ५ मिलिसेकंद कशाला पाहिजेत? HD44780 ला एक अक्षर लिहायला साधारण ४० मायक्रोसेकंद लागतात. वेळ लागतो तो क्लिअर आणि होम या दोन कमांडना, दीड मिलिसेकंदाच्या आसपास. ५ मिलिसेकंद हा सुरुवातीच्या इनिशियलायझेशनसाठी असतो, तोच सगळीकडे चिकटवायची पद्धत पडली आहे. `lcd_data` मध्ये १०० मायक्रोसेकंद ठेवा. मग ॲरे, ओळ, काही नको. जुनंच लूप दहाच्या दहा अक्षरं दाखवेल.

जुना_सोल्डर

काका म्हटलंत, चालेल. डिले कमी करा हे बरोबरच, पण त्याने तुमचं रिसीव्ह रुटीन एलसीडीच्या वेगावर टांगलेलं राहतं. उद्या कोणी त्या लूपमध्ये बझर वाजवला की पुन्हा अक्षरं गळणार. घेणं आणि दाखवणं वेगळं असलेलं बरं.

लॅब_असिस्टंट

आणि ओळ दाखवत असताना नवी ओळ आली तर? तिचं काय?

तिसरी_बेंच

दोन्ही करून पाहिलं.

लॅब_असिस्टंट म्हणतात तसं: `1234567890` पूर्ण आलं.

सोल्डरकाका म्हणतात तसं, डिले ५ च ठेवून: हेही पूर्ण आलं. एकच गंमत झाली, दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला एक चौकटीसारखं चिन्ह उमटलं.

बिटखोर

टर्मिनल एंटरला CR आणि LF दोन्ही पाठवतोय. तू CR वर थांबतेस, LF पुढच्या ओळीत शिरतो. एकतर टर्मिनलमध्ये फक्त CR कर, नाहीतर `if (c == '\n') continue;` टाक.

तिसरी_बेंच

हो, तेच होतं. फक्त CR केलं.

आता मुख्य प्रश्न. सरांना ९६००च हवंय. शीटवर छापलंय आणि तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक असतात. ४८०० दाखवलं तर चालेल का? क्रिस्टल सोल्डर केलेला आहे, काढता येणार नाही.

बिटखोर

टर्मिनलमध्ये 10417 टाईप करून बघ, काही यूएसबी चिप घेतात हा आकडा. मग तुझा जुना 0xFD चा प्रोग्रॅमही चालेल 😄

लॅब_असिस्टंट

निदान करायला ही युक्ती छान आहे, परीक्षेत दाखवायला नको. ४८०० चालेल की नाही ते परीक्षकावर आहे. क्रिस्टल दाखवून हिशोब सांगितलात तर मी तरी पूर्ण मार्क देईन. सगळे देतील असं नाही.

जुना_सोल्डर

चिप S52 आहे ना? मग टायमर २ आहे. S51 असती तर नसता. टायमर २ बॉड रेटसाठी लावला की क्रिस्टलला फक्त ३२ ने भागून १६ बिटांचा मोज मिळतो, १२ ने भागणं वाचतं. १२ मेगाहर्ट्झला ३२ ने भागलं की ३७५०००. त्याला ९६०० ने भागलं की ३९.०६. म्हणजे ३९ मोज, ९६१५ बॉड, चूक पुन्हा ०.१६ टक्के.

```c
RCAP2H = 0xFF;
RCAP2L = 0xD9;
T2CON  = 0x34;
SCON   = 0x50;
```

T2CON मध्ये RCLK, TCLK आणि TR2 हे तीन बिट लावलेत. RCLK विसरलात तर पाठवणं बरोबर आणि घेणं चूक, असा चकवा होतो, कारण रिसीव्ह टायमर १ वरच राहतो. हेडर फाईल `reg52.h` घ्या, `reg51.h` मध्ये ही नावं नाहीत.

तिसरी_बेंच

चाललं! ९६००, १२ चा क्रिस्टल, एकोही बरोबर. मुद्दाम ते जुनं एकेक अक्षराचं लूप ५ मिलिसेकंदांच्या डिलेसह लावून पाहिलं, खरंच `126` आलं 😂

पण ओळीच्या रुटीनमध्ये लॅब_असिस्टंटनी विचारलेला प्रश्न खरा ठरला. दोन ओळी एकदम पेस्ट केल्या. पहिली नीट दिसली, दुसरी दिसलीच नाही. मग तिसरी हाताने टाईप केली, तर तिच्या आधी दुसरीचं पहिलं अक्षर चिकटून आलं.

जुना_सोल्डर

दहा अक्षरं दाखवायला तुम्ही ५० मिलिसेकंद घेता. तेवढ्या वेळात दुसरी ओळ पूर्ण येऊन गेली. तिचं पहिलं अक्षर SBUF मध्ये बसलं, बाकीची गेली, शेवटचा CR सुद्धा गेला. प्रोग्रॅम त्या CR ची वाट बघत राहिला आणि तिसरीचा CR मिळाल्यावर सुटला. Tera Term वापरत असाल तर सिरियल पोर्टच्या सेटिंगमध्ये `msec/line` असतं, तिथे १०० टाका.

लॅब_असिस्टंट

ते पीसीच्या बाजूने झालं. परीक्षक ते सेटिंग काढून टाकू शकतो. सलग ओळी घ्यायच्या असतील तर ९६०० ला माझं लूपच टिकेल: अक्षर आलं की लगेच दाखवा, डिले १०० मायक्रोसेकंद, CR आला की स्क्रीन क्लिअर. फक्त क्लिअरचा डिले २ मिलिसेकंदांच्या आत ठेवा. तेवढ्यात एक अक्षर येऊन SBUF मध्ये थांबतं, दुसरं पूर्ण व्हायच्या आत तुम्ही परत आलेल्या असता.

जुना_सोल्डर

१.७ ठेवा. २ ठेवलात तर मोकळीक ०.०८ ची राहते आणि सी कंपायलरचा डिले लूप तेवढा काटेकोर नसतो.

बिटखोर

किंवा इंटरप्ट 🙂

तिसरी_बेंच

१.७ ठेवून, `msec/line` शून्य करून पाच ओळी पेस्ट केल्या. डोळ्यांना शेवटचीच दिसते, पण मोजणी म्हणून प्रत्येक ओळीची `n` पोर्ट १ च्या एलईडींवर काढली आणि शेवटी बेरीज पाहिली. ५० अक्षरं, पूर्ण. बझर मात्र लावणार नाही.